एक व्हिडिओ 'Processing'वर अडकलाय, दुसरा धूसर दिसतोय. ४के कधी येणार?

निशिगंध | रविवार, पहाटे १:३५

मी सहकारनगरला राहते. आमच्या कथकच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम गेल्या आठवड्यात झाला. चित्रीकरण ४के, ५० फ्रेम्समध्ये. एडिटिंग माझ्या भाच्याने केलं. दोन व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे होते: मुलींचा ५२ मिनिटांचा मुख्य कार्यक्रम, आणि आमच्या गुरू ताईंचा १४ मिनिटांचा तराणा.

तराणा शनिवारी दुपारी दोनला लावला. अर्ध्या तासात अपलोड पूर्ण झाला. तेव्हापासून आत्तापर्यंत 'Processing' दाखवतोय, टक्का शून्याच्या पुढे सरकत नाही. अकरा तास होत आले.

मुख्य कार्यक्रम रात्री साडेनऊला लावला. तो बारा वीसला चढला आणि थोड्याच वेळात दिसायलाही लागला. मी सुरुवातीलाच 'Public' करून ठेवला होता. न्यू जर्सीला दोन मुलींचे आजी-आजोबा वाट बघत होते, तिकडे शनिवारची दुपार होती, म्हणून लगेच लिंक पाठवली. त्यांचा उलट निरोप आला की चेहरेच ओळखू येत नाहीत. मी उघडून पाहिलं तर फक्त 360p. तत्कार चालू असताना पावलांच्या जागी नुसता करडा ठिपका आहे. चक्करमध्ये घागऱ्याचा काठ पुसून टाकल्यासारखा. मूळ फाइलमध्ये घुंगरांचा एकेक मणी दिसतो हो.

दोन्ही डिलीट करून पुन्हा टाकू का?

---

जुना_पूल | रविवार, पहाटे १:५०

ताई, मोठ्या व्हिडिओला हात लावू नका. तो बिघडलेला नाही, अर्धवट तयार आहे.

मी एरंडवण्यात एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत काम करतो आणि आठवड्याला पाच-सहा मोठ्या फाइली चढवतो, म्हणून खात्रीने सांगतो. तुम्ही पाठवलेली फाइल यूट्यूब जशीच्या तशी कुणाला दाखवत नाही. तिच्यापासून 360p, 720p, 1080p, 2160p अशा वेगवेगळ्या प्रती नव्याने बनवल्या जातात. सगळ्यात लहान प्रत आधी तयार होते, आणि 'Public' केलेलं असेल तर तेवढ्या एका प्रतीवर व्हिडिओ लोकांसमोर जातो. बाकीच्या मागून येतात. तुमच्या पाहुण्यांनी उघडला तेव्हा ती एकच प्रत होती.

मोठीला वेळ का लागतो ते तुमच्याच आकड्यांवर बघा. 360p ची एक चौकट म्हणजे 640 गुणिले 360 ठिपके. ४के म्हणजे 3840 गुणिले 2160. म्हणजे एकेका चौकटीत छत्तीस पट काम. शिवाय तुम्ही सेकंदाला ५० चौकटी घेतल्यात, २५ च्या दुप्पट. ५२ मिनिटांच्या होतात १,५६,०००. यूट्यूबच्या मदत-पानावर उदाहरण आहे की ३० फ्रेम्सच्या तासाभराच्या व्हिडिओला ४के पूर्ण व्हायला चार तासांपर्यंत लागू शकतात. तुमचा ५० चा आहे, तेव्हा सकाळ होईल असं धरून चाला.

लिंक बदलत नाही. तीच लिंक सकाळी नीट दिसेल. आजी-आजोबांना एवढंच कळवा की थोडं थांबा, आणि नंतर पान पुन्हा उघडा. आधीपासून उघडं असलेल्या पानावर नवी प्रत आपोआप येईलच असं नाही.

तराण्याचं प्रकरण मात्र वेगळं वाटतंय. चौदा मिनिटांच्या व्हिडिओची छोटी प्रत अकरा तासांत होत नाही म्हणजे वेळ लागतोय असं नाही, फाइल वाचताच येत नसावी. मला दोन गोष्टी सांगा. फाइलवर राइट-क्लिक करून 'Properties' मध्ये आकार बाइट्समध्ये किती आहे? आणि भाच्याने ती कुठे एक्स्पोर्ट केली, लॅपटॉपवर की पेन ड्राइव्हवर?

---

सुभाष_बिबवेवाडी | रविवार, सकाळी ६:२०

नमस्कार. मी आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ चार वर्षं टाकतोय. तीन गोष्टी सांगतो. प्रोसेसिंग पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही आणि ब्राउझरचा टॅबही बंद करायचा नाही, नाहीतर काम थांबतं. दुसरं, नेट वेगवान असेल तर प्रोसेसिंग लवकर होतं. आणि अडकलं की सरळ डिलीट करून पुन्हा टाकायचं. माझं दर वेळी त्याने सुटलंय. शक्यतो रात्रीच टाका, रात्री गर्दी कमी असते.

---

जुना_पूल | रविवार, सकाळी ७:४०

काका, टॅबचं तुमचं म्हणणं अपलोड चालू असेपर्यंत अगदी बरोबर आहे. त्या वेळात लॅपटॉप झोपला किंवा वीज गेली तर चढणं तिथेच थांबतं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून मी गुरुवारी सकाळी मोठी फाइल लावतच नाही. पण फाइल पूर्ण पोचली, 'Upload complete' आलं, की पुढचं सगळं त्यांच्या यंत्रांवर होतं. तुम्ही लॅपटॉप बंद करून झोपलात तरी चालतं.

नेटचंही तसंच. नेटच्या वेगाने फाइल लवकर पोचते, तिच्या प्रती लवकर बनत नाहीत. ताईंचा हिशेब: सेकंदाला ६० मेगाबिटने एक्स्पोर्ट केलेली ५२ मिनिटांची फाइल साधारण २३ जीबी होते. घरच्या जोडणीवर अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल तर चढायलाच अडीच तासांच्या वर लागतात. साडेनऊला लावून बारा वीसला संपलं, म्हणजे हिशेब जुळतो. यापुढचा वेळ नेटवर अवलंबून नाही.

डिलीट करण्याबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे. रात्री दीड वाजता ताईंनी तो व्हिडिओ काढला असता तर ते अडीच तास पुन्हा, आणि प्रतींचं काम पहिल्यापासून. वर लिंकही नवी, कारण त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही. ज्या व्हिडिओची छोटी प्रत तयार झालीय त्याची फाइल वाचता येतेय हे सिद्ध झालेलं असतं. तिथे थांबायचं. ज्याची छोटीही प्रत येत नाही, तिथे आधी फाइल तपासायची. बिघडलेली फाइल दहा वेळा चढवली तरी तशीच राहणार.

---

निशिगंध | रविवार, सकाळी ८:०५

जुना_पूल दादा, मनापासून आभार. रात्री झोप लागली नाहीच, म्हणून मध्ये मध्ये बघत होते. सव्वादोनला गिअरच्या चिन्हाखाली `1080p50` दिसलं. सकाळी सात दहाला `2160p50` आलं. म्हणजे अपलोड संपल्यापासून जवळजवळ सात तास. आता टीव्हीवर लावून पाहिलं. शेवटच्या तिहाईत धाकट्या मुलीच्या पायातले घुंगरू मोजता येतात! न्यू जर्सीला पुन्हा कळवलंय.

तराण्याची फाइल: ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स. भाच्याने त्याच्या पेन ड्राइव्हवर थेट एक्स्पोर्ट करून मला आणून दिला. तो म्हणतो, एक्स्पोर्ट लावून तो जेवायला गेला, परत आला तेव्हा फाइल तयार होती. माझ्या लॅपटॉपवर ती उघडतच नाही, पण मला वाटलं माझा लॅपटॉप जुना आहे म्हणून.

---

जुना_पूल | रविवार, सकाळी ८:३०

सापडलं. हा आकडा योगायोगाचा नाही.

पेन ड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की त्यावर एका फाइलला इतकीच जागा मिळते, ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स, त्याच्या पुढे एक बाइटही नाही. तुमचा तराणा १४ मिनिटं, म्हणजे ८४० सेकंद. त्याच ६० मेगाबिटने तो सहा जीबीच्या थोडा वर जायला हवा होता. सव्वाचार जीबीला भिंत लागली आणि एक्स्पोर्ट तुटला. भाचा परत आला तेव्हा फाइल दिसत होती, पण ती पुरी झालेली नव्हती.

आता तुटली तर तुटली, निदान पहिली नऊ मिनिटं तरी का दिसत नाहीत? एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज एका भागात असतात, आणि कुठलं चित्र कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका वेगळ्या भागात, त्याला `moov` म्हणतात. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर ही अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहितात, कारण सगळं लिहून झाल्याशिवाय ती बनवता येत नाही. तुमच्या फाइलला तो शेवट मिळालाच नाही. चित्रं आहेत, पण ती कुठून कुठे हे सांगणारं पान नाही. अशा फाइलला कधी 'Processing abandoned' असा निरोप येतो, कधी ती नुसती फिरत राहते.

खात्री करायची असेल तर ffmpeg सोबत येणारा ffprobe चालवा:

```
ffprobe tarana.mp4
```

`moov atom not found` असं उत्तर आलं की विषय संपला. अडकलेला व्हिडिओ आता खुशाल डिलीट करा. भाच्याला सांगा, लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर एक्स्पोर्ट कर. पेन ड्राइव्हवरूनच न्यायचं असेल तर तो exFAT ला फॉरमॅट करावा, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवून.

---

रानजाई | रविवार, सकाळी ९:१५

माझाही हाच प्रश्न आहे. भावाच्या मुंजीचा व्हिडिओ टाकून तीन आठवडे झाले, अजून 480p च्या वर जात नाही. ४के साठी किती आठवडे थांबायचं? की फोनमध्ये डेटा सेव्हर चालू असल्यामुळे असं होतंय? फोन भावाचा होता, ४के वर शूट केलं होतं, मला त्याने चॅटवर पाठवला.

---

प्रथमेश_के | रविवार, सकाळी ९:३०

रानजाई ताई, डेटा सेव्हरमुळे तुमच्या फोनवर आपोआप कमी दर्जा निवडला जाईल, पण गिअरखालच्या यादीत वरचे पर्याय तरी दिसतील. यादीतच नसतील तर कारण दुसरं आहे. चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो वाटेतच लहान केला जातो. तुमच्या हातात आलेली फाइलच लहान असणार, आणि मुळात जेवढं रिझोल्यूशन आहे त्याच्या वरची प्रत यूट्यूब बनवत नाही. कितीही थांबलात तरी येणार नाही. भावाकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा.

निशिगंध ताईंना एक सुचवतो. पुढच्या वेळी १०८०चा व्हिडिओ असला तरी तो १४४०ला मोठा करून टाका. मोठ्या रिझोल्यूशनला यूट्यूब जास्त चांगलं कोडेक वापरतं. व्हिडिओवर राइट-क्लिक करून 'Stats for nerds' उघडा, 'Codecs' पुढे `avc1` असेल तर साधं, `vp09` असेल तर चांगलं. कॉलेजच्या नाटकांचे व्हिडिओ मी असेच टाकतो, फरक डोळ्यांना दिसतो.

---

जुना_पूल | रविवार, सकाळी ९:५०

प्रथमेश, रानजाई ताईंना दिलेलं उत्तर चोख आहे.

१४४०च्या युक्तीबद्दल मी पूर्ण सहमत नाही. वेगवान हालचालीत `vp09` ची प्रत जास्त स्वच्छ दिसते हे मीही पाहिलंय, आणि नाचाच्या व्हिडिओला त्याचा उपयोग होतो. पण मोठं करून पाठवलं की फाइल वाढते, चढायचा वेळ वाढतो, प्रती बनायचा वेळही वाढतो. ज्याला सकाळी सातला दाखवायचंय त्याने रात्री बाराला हे करू नये. हाताशी दोन दिवस असतील तर करून बघावं.

---

प्रथमेश_के | रविवार, सकाळी १०:०५

दोन दिवस नसले तरी मी करेन. लोक मोठ्या टीव्हीवर बघतात, एकदा चिरफळ्या दिसल्या की पुन्हा उघडत नाहीत. वेळ जातो हे मान्य.

---

ताशा_नारायणपेठ | रविवार, सकाळी ११:१०

आमच्या पथकाच्या सरावाचं आम्ही लाइव्ह करतो, साधारण तीन तास. लाइव्ह चालू असताना 1080p दिसतं. संपल्यावर तीच लिंक उघडली की रात्रभर कमी दर्जाचं दिसतं, कधी कधी व्हिडिओच दिसत नाही. हेही प्रोसेसिंगच का? पोरं घाबरून माझ्याकडे येतात की रेकॉर्डिंग गेलं.

---

जुना_पूल | रविवार, सकाळी ११:३०

हो दादा, हेही तेच. लाइव्ह संपलं की त्या तीन तासांच्या प्रती पुन्हा नव्याने बनतात. बारा तासांच्या आतलं लाइव्ह साठवलं जातं, त्यामुळे तीन तासांसाठी घाबरायचं कारण नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघा. पण ढोल-ताशांचं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही, म्हणून लाइव्ह करणाऱ्या लॅपटॉपवरही एक प्रत रेकॉर्ड करत चला.

---

सुभाष_बिबवेवाडी | रविवार, दुपारी १२:४०

जुना_पूल, टॅबचं तुमचं पटलं, काल रात्रीच्या कीर्तनाच्या व्हिडिओवर आज करून पाहिलं. 'Upload complete' आल्यावर लॅपटॉप बंद केला, देवळात जाऊन आलो, HD आलं होतं. चार वर्षं उगीच लॅपटॉप चालू ठेवत होतो.

पण रात्री लवकर होतं यावर मी ठाम आहे. आमचे रात्रीचे व्हिडिओ सकाळी तयार असतात, दुपारी टाकलेले संध्याकाळपर्यंत रखडतात. आणि डिलीट करून टाकल्यावर माझे सुटलेत, त्याचं काय?

---

जुना_पूल | रविवार, दुपारी १:०५

काका, त्यांच्या यंत्रांसाठी आपली रात्र म्हणजे कुणाची तरी दुपार असते, त्यामुळे रात्रीचा नियम मी सांगणार नाही. माझ्या फाइलींच्या वेळांत मला तसा फरक दिसलेला नाही. पण तुमच्या भजनांची लांबी आणि रिझोल्यूशन सारखं असेल तर तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. दहा व्हिडिओंच्या वेळा लिहून ठेवा आणि इथे टाका.

डिलीट केल्यावर सुटतं कारण कधी कधी चढतानाच काही तुकडे गडबडतात आणि दुसऱ्या खेपेला फाइल धड पोचते. असंही घडतं. म्हणून माझा क्रम असा: आधी फाइल आपल्याकडे शेवटपर्यंत चालते का पाहायचं, शेवटच्या मिनिटावर नेऊन. चालत असेल आणि पूर्ण दिवसात छोटी प्रतही आली नाही, तर दुसऱ्यांदा चढवायची, पण पहिली लगेच डिलीट करायची नाही. दोन्हींपैकी जी आधी सुटेल ती ठेवायची.

---

निशिगंध | रविवार, संध्याकाळी ५:२०

ffprobe ने `moov atom not found` असंच सांगितलं. भाच्याला घरी बोलावून पेन ड्राइव्हची गोष्ट दाखवली, तोही गप्प झाला. आता त्याने लॅपटॉपवर नव्याने एक्स्पोर्ट केलंय. फाइल ६.३ जीबीची आहे आणि शेवटच्या तिहाईपर्यंत चालते. गुरू ताईंचा वाढदिवस मंगळवारी आहे, तेव्हा त्यांच्या शिष्यांना लिंक पाठवायचीय. चढवण्याआधी आणखी काही करू का?

---

जुना_पूल | रविवार, संध्याकाळी ५:४५

एक गोष्ट करा. अनुक्रमणिका शेवटून उचलून पुढे आणा. ती शेवटी असली की पूर्ण फाइल पोचेपर्यंत यूट्यूबला काही सुरू करता येत नाही. पुढे असली की फाइल चढत असतानाच काम सुरू होऊ शकतं. त्यांच्या शिफारशींमध्येही हेच लिहिलंय.

```
ffmpeg -i tarana.mp4 -c copy -movflags +faststart tarana_fs.mp4
```

`-c copy` मुळे चित्राला हात लागत नाही, दर्जा तसाच राहतो, एक-दोन मिनिटांत होतं. तुटलेली फाइल मात्र याने जोडली जात नाही, ती आज सकाळचीच कथा.

मग 'Unlisted' ठेवून चढवा. प्रोसेसिंग तसंही तितकंच होतं. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन नाही त्यात लिंक उघडा, गिअरखाली `2160p50` दिसलं की मगच 'Public' करा. यूट्यूब स्टुडिओच्या पानावरच्या चिन्हांपेक्षा मी याच खुणेवर भरवसा ठेवतो, कारण बघणाऱ्याला नेमकं काय दिसणार ते तिथेच कळतं. मंगळवारसाठी 'Schedule' लावायचं असेल तर तेही सोमवारी रात्री ही खूण दिसल्यावरच लावा.

---

निशिगंध | सोमवार, सकाळी ७:१५

काल रात्री आठला लावला. पाऊण तासात चढला. अपलोडची पट्टी भरते आहे तोवरच 'SD' तयार झालं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दहाच्या आत 1080p आलं, साडेअकराच्या सुमारास `2160p50`. मंगळवारी सकाळी सातची वेळ लावलीय. ताईंनी तराण्याच्या शेवटी बोटांची जी एक मुद्रा घेतलीय, ती पुढच्या रांगेतूनही नीट दिसली नव्हती. इथे नखावरचा अळिताही दिसतो.

---

रानजाई | सोमवार, सकाळी ९:००

भावाशी बोलले. त्याने फोन बदलताना जुना व्हिडिओ क्लाउडवर ठेवला होता, पण तिथे जागा वाचवण्यासाठी लहान करून ठेवायची सोय चालू होती. मूळ फाइल जुन्या फोनच्या मेमरी कार्डावर असेल तर असेल. कार्ड आईकडे कोथरूडला कपाटात आहे, शनिवारी जाऊन बघते. सापडलं तर आकार इथे लिहीन, तेवढं सांगाल ना चालेल की नाही?

---

जुना_पूल | सोमवार, सकाळी ९:२०

नक्की. आकार आणि किती मिनिटांचा आहे ते, दोन्ही लिहा. आणि कार्ड बाहेर काढल्यावर त्यावर नवीन काहीही रेकॉर्ड करू नका, आधी कॉपी करून घ्या.